शेवटचा डोस नेमका कोणता? पिल्लाचं लसीकरण कार्ड आणि जंताच्या औषधाचं वेळापत्रक

गेल्या हिवाळ्यात धायरीतल्या आमच्या ओळखीच्या एका काकू त्यांच्या पिल्लाचं कार्ड घेऊन घरी आल्या. चिकू नावाचं गावठी पिल्लू, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. काकूंचा प्रश्न साधा होता. "डॉक्टरांनी कोर्स कम्प्लीट लिहिलंय, आता खाली पार्किंगमध्ये बाकीच्या कुत्र्यांबरोबर सोडू ना?"

कार्डावर जन्मतारीख १० नोव्हेंबर. पहिली लस २२ डिसेंबरला, दुसरी १२ जानेवारीला, तिसरी २ फेब्रुवारीला आणि त्याच दिवशी रेबीजची. त्याखाली "पुढील लस एक वर्षाने". जंताच्या औषधाच्या रकान्यात मात्र एकच ओळ: "१८ डिसेंबर, सिरप २ मिली". आम्ही बोलत होतो तो दिवस ९ फेब्रुवारी.

मी गेली काही वर्षं रस्त्यावरची पिल्लं घरी ठेवून, जरा मोठी करून दत्तक देते. असली कार्डं त्यामुळे भरपूर पाहिली आहेत. चिकूच्या कार्डात खोटं काही नव्हतं. तीन डोस दिलेले होते, स्टिकर होते, सही होती. तरी कोर्स पुरा झाला नव्हता. जंताचं औषध ज्या पद्धतीने चाललं होतं, ती पद्धत राहिली असती तर राहिलेला डोसही आजारी पिल्लालाच टोचला गेला असता. हेच कार्ड समोर ठेवून सगळं सांगते, म्हणजे तुमचं कार्ड काढून ताडून बघता येईल.

आधी जन्मतारीख, मग बाकी सगळं

कार्ड हातात आलं की आपण पहिल्यांदा स्टिकर मोजतो. ते नंतर मोजा. आधी जन्मतारखेपासून प्रत्येक डोसपर्यंत किती आठवडे झाले ते कार्डाच्या कडेला पेन्सिलीने लिहून काढा. चिकूच्या बाबतीत २२ डिसेंबरला सहा आठवडे, १२ जानेवारीला नऊ आठवडे आणि २ फेब्रुवारीला बारा आठवडे. म्हणजे ज्याला "शेवटचा" म्हटलं तो डोस बाराव्या आठवड्यात पडला होता.

जन्मतारीखच खरी नसेल तर हे सगळं गणित कोसळतं. विकत घेतलेल्या पिल्लांत हे नेहमी होतं. तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू "पंचेचाळीस दिवसांचं आहे" म्हणून हातात ठेवतात, कारण लहान पिल्लू जास्त गोड दिसतं आणि विकणाऱ्याचा खाऊ घालण्याचा खर्च वाचतो. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाची तारीख तर अंदाजेच असते. अशा वेळी दात बघा. सहा आठवड्यांच्या पिल्लाचे पुढचे बारीक दुधाचे दात आणि सुळे आलेले असतात, सुईसारखे टोचतात. पुढचे मधले दुधाचे दात पडून तिथे रुंद पक्के दात दिसायला लागतात ते साधारण तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान. म्हणून सोळा आठवड्यांचं म्हणून सांगितलेल्या पिल्लाचे पुढचे सगळे दात अजून सुईसारखेच असतील तर तारखेबद्दल शंका घ्यायला जागा आहे. वयात शंका असेल तेव्हा पिल्लू सांगितल्यापेक्षा लहान आहे असं धरून चाला. त्यात फार तर एक डोस जास्त होतो. उलट चूक केली तर एक डोस कमी पडतो, आणि ते महागात जातं.

स्टिकरवरची अक्षरं

कार्डावर प्रत्येक तारखेसमोर बाटलीवरून काढलेला स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख असते. बऱ्याच तारखांसमोर दोन स्टिकर दिसतात, त्याने गोंधळू नका. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची लस छोट्या बाटलीत कोरड्या वडीसारखी असते आणि लेप्टोची लस दुसऱ्या बाटलीत पातळ असते. डॉक्टर पातळ भाग वडीत सोडतात, हलवतात आणि लगेच टोचतात. दोन बाटल्या, म्हणून दोन स्टिकर. सुई एकच.

अक्षरं अशी वाचायची. डी म्हणजे डिस्टेंपर, एच म्हणजे यकृताची साथ, पी म्हणजे पार्व्हो, पीआय म्हणजे पॅराइन्फ्लुएन्झा, एल म्हणजे लेप्टो आणि आर म्हणजे रेबीज. सहाव्या आठवड्याला बहुतेक वेळा फक्त डीपी देतात, कारण त्या वयात पिल्लांना मारतात ते मुख्यतः हेच दोन आजार. पुढच्या वेळी बाकीची अक्षरं जोडली जातात. "सेव्हन इन वन", "नाइन इन वन" ही बोलीतली नावं आहेत. आकडा मोठा म्हणून संरक्षण मोठं असं काही नाही. त्या आकड्यात लेप्टोचे वेगवेगळे प्रकार मोजलेले असतात, कधी कोरोनाही, आणि जगभरच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएने, कुत्र्यांच्या कोरोनाची लस आवश्यक धरलेली नाही.

स्टिकर नसेल आणि नुसतीच सही असेल तर त्या डोसबद्दल विचारा. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. दुकानातून लस घेऊन, पिशवीत टाकून, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर फिरवून मग कुणाकडून तरी टोचून घेतलेली मी पाहिली आहे. कार्डावर ती अगदी खरी दिसते.

तीन डोस झाले म्हणजे झालं, असं का नाही

इथे एक गैरसमज आहे आणि तो डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बसलेल्या दहापैकी आठ लोकांना असतो. आपल्याला वाटतं की पहिल्या डोसाने थोडी ताकद येते, दुसऱ्याने अजून थोडी आणि तिसऱ्याने पूर्ण. रेबीज आणि लेप्टोसारख्या मेलेल्या जंतूंच्या लसींबद्दल हे काही अंशी खरं आहे. लेप्टोला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतातच. पण डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसीत जिवंत, पण कमकुवत केलेला विषाणू असतो. तिचा एकच डोस नीट लागू पडला तरी पुरतो. मग तीन-चार कशासाठी? कारण कोणता डोस लागू पडेल ते आपल्याला माहीत नसतं.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकाबरोबर तिची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात जातात. तीच त्याला सुरुवातीचे आठवडे वाचवतात. ही उसनी प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होतात. सहा आठवड्यांत चार वेळा निम्मी झाली तर सोळावा हिस्सा उरतो. पण आईकडून मुळात खूप मिळालेली असतील तर सोळावा हिस्साही लसीतला विषाणू मारून टाकायला पुरेसा असतो. लस टोचली, स्टिकर लागला, आणि आत काहीच घडलं नाही. बाराव्या आठवड्यापर्यंतही काही पिल्लांत असं होतं. त्याच वेळी उरलेली प्रतिपिंडं रस्त्यावरचा खरा पार्व्हो अडवायला मात्र अपुरी असू शकतात. त्या मधल्या दिवसांत पिल्लू दोन्हीकडून उघडं पडतं. एकाच वेताची चार भावंडं असली तरी कुणी किती दूध प्यायलं त्यावर प्रत्येकाची तारीख वेगळी.

म्हणून डब्ल्यूएसएव्हीएची शिफारस डोस मोजत नाही, वय मोजते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करायचं, दर दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा. सोळाव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सगळ्याच पिल्लांतली आईची प्रतिपिंडं लसीच्या वाटेतून बाजूला झालेली असतात. म्हणजे चिकूच्या कार्डावरचे तीन डोस फुकट गेले असं नव्हे. तिन्ही लागू पडले असतील, किंवा एकही नसेल. खात्रीचा म्हणावा असा डोस अजून व्हायचा होता, आणि त्याची तारीख होती २ मार्च.

आता जंत

शेवटच्या डोसाची तारीख कळली की जंताच्या औषधाच्या तारखा तिथून मागे मोजायच्या. बरेच लोक उलट करतात. आठवलं की औषध देतात, आणि आठवतं ते लसीच्या आदल्या दिवशी.

पिल्लाला जंत बाहेरून होतात असं आपण समजतो, पण बहुतेक पिल्लं ते घरूनच घेऊन येतात. गोलकृमीच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात स्नायूंमध्ये झोपून असतात. गाभण काळाच्या शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि पोटातल्या पिल्लांत शिरतात. अशी पिल्लं तीन आठवड्यांची होतात तोवर त्यांच्या शीतून अंडी पडायला लागलेली असतात. अंकुशकृमी दुधातून येतात, आणि त्यांना मोठं व्हायला त्याहूनही कमी दिवस लागतात. म्हणूनच औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा द्यावं असं सांगतात. "जंत दिसले की देऊ" हे इथे चालत नाही.

का चालत नाही ते कळायला जंत कसे दिसतात हे माहीत हवं. गोलकृमी शिजवलेल्या शेवयांसारखे असतात, पांढरट, कधी गुंडाळलेले. औषधानंतर शीमध्ये किंवा उलटीत पडतात तेव्हा घरातलं कुणीतरी ओरडतंच. पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे काकडीच्या बियांसारखे दिसतात आणि शेपटीखालच्या केसांना चिकटून वाळले की तिळासारखे. अंकुशकृमी मात्र शीमध्ये सहसा दिसतच नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि पिल्लाला सर्वात जास्त त्रास देतात तेच. त्यांची खूण हिरड्यांवर दिसते. ओठ वर करून बघा. हिरडी गुलाबी हवी. चिकूची भिजवलेल्या पोह्यांसारखी होती. शी काळपट आणि चिकट, डांबरासारखी. पोट मात्र छान गोल, म्हणून काकूंना वाटत होतं की तब्येत सुधारली आहे. बरगड्यांवरून हात फिरवला तर एकेक मोजता येत होती. (काही पिल्लांच्या हिरड्यांवर जन्मतःच काळे डाग असतात. अशा वेळी डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा.)

जंतांचं औषध एकदा देऊन भागत नाही, कारण बहुतेक औषधं आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारतात. त्याच वेळी काही अळ्या फुप्फुसातून वगैरे प्रवास करत असतात. त्यांच्यापर्यंत औषध पोचत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्या आतड्यात येऊन मोठ्या होतात आणि घर पुन्हा भरतं. दुसरा डोस पंधरा दिवसांनी द्यायचा तो या दुसऱ्या तुकडीसाठी.

लसीच्या आधी आठवडाभर, असं का

पुण्यातले बहुतेक डॉक्टर सांगतात की लसीच्या पाच ते सात दिवस आधी जंताचं औषध देऊन घ्या. यामागचं कारण नीट कळलं तर कधी ताणायचं आणि कधी सोडून द्यायचं हेही कळतं.

एक कारण तब्येतीचं. प्रत्येक लसीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ती फक्त निरोगी जनावराला द्यायची. प्रतिपिंडं तयार करायला शरीराला प्रथिनं लागतात, आणि ज्याचं रक्त रोज आत कुणीतरी पितंय त्याच्याकडे ती आधीच कमी असतात. चार-दोन जंत असले म्हणून लस फुकट जात नाही, हेही तितकंच खरं. प्रश्न येतो तो जंतांनी पोखरलेल्या, अशक्त, फिकट पिल्लाचा. आधीचे डोस आईच्या प्रतिपिंडांमुळे कदाचित वाया गेलेले, आणि ज्या एका डोसावर भिस्त तो नेमका असल्या पिल्लाला मिळाला, तर पुढे करायचं काय?

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे, आणि मला विचाराल तर तेच मोठं. जंताच्या औषधानंतर एक-दोन दिवस काही पिल्लांना पातळ शी होते, एखादी उलटी होते. लसीनंतर काही पिल्लं दिवसभर मलूल असतात, जेवत नाहीत. आणि पार्व्होची सुरुवातही उलटी, जुलाब आणि मलूलपणानेच होते. औषध आणि लस एकाच दिवशी दिली, आणि रात्री दोन वाजता पिल्लू ओकलं, तर यातलं नक्की काय चाललंय? फोनवर कुणालाच सांगता येत नाही. मध्ये आठवडा गेला असेल तर लसीच्या दिवसापर्यंत औषधाचा गोंधळ संपलेला असतो, आणि लसीनंतर काही झालं तर तर्क लढवायला निदान एक संशयित कमी असतो.

तिसरं म्हणजे त्या आठवड्यात तुम्हाला कळतं की औषध लागलं का. जंत पडले का, शी बांधून आली का, वजन वाढलं का.

दोन मिलीचा घोळ

काकूंना विचारलं, डिसेंबरनंतर औषध दिलंच नाही का? "दिलं की! दर महिन्याला देते. बाटली घरीच आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, दोन मिली." फक्त कार्डावर लिहिलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये चिकू दोन किलोचा होता. पिल्लांची एक प्रचलित सिरप किलोमागे एक मिली या प्रमाणात देतात, म्हणून दोन मिली. फेब्रुवारीत तो ४.४ किलोचा झाला होता आणि दोनच मिली घेत होता. अर्ध्याहूनही कमी. एवढ्या डोसात थोडे जंत मरतात, बाकीचे आरामात राहतात, आणि आपण मात्र "औषध चालू आहे" म्हणून निर्धास्त. बाटली बघितली तर तळाशी पांढरा गाळ बसलेला. ही औषधं ढवळून, म्हणजे बाटली चांगली हलवून द्यायची असतात. न हलवता वरचं पातळ दिलं तर त्या दोन मिलीतही औषध किती गेलं असेल कोण जाणे.

तेव्हा दर वेळी आधी वजन करा. घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे, मग पिल्लाला उचलून, आणि वजाबाकी. अगदी लहान पिल्लू असेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर टोपलीत बसवा, दुकानदाराला आधी विचारून. मग बाटलीवरचं प्रमाण वाचा. "किलोमागे एक मिली" हे सगळ्या बाटल्यांना लागू नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि गोळ्यांचं तर पूर्ण वेगळं. मोठ्या कुत्र्यांची जी गोळी सर्रास मिळते ती दहा किलोला एक अशी असते. कार्डावर चार गोष्टी लिहा: तारीख, वजन, औषधाचं नाव, किती दिलं. नुसतं "जंताचं औषध दिलं" याला अर्थ नाही, कारण प्रत्येक औषध प्रत्येक जंतावर चालत नाही. पिल्लांच्या पुष्कळ सिरप पट्टकृमींवर काम करत नाहीत. काकडीच्या बिया दिसत असतील तर डॉक्टर प्राझिक्वांटेल असलेलं औषध देतील, आणि पिसवा गेल्या नाहीत तर महिन्याभरात ते पुन्हा येतील.

माणसांची अल्बेंडाझोलची गोळी अर्धी मोडून देणं, लसूण खायला घालणं, हे दोन्ही नको. लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना मारतो, आणि इथे रक्त आधीच कमी आहे.

२ मार्चपासून मागे

९ फेब्रुवारीलाच चिकूला डॉक्टरांकडे नेलं. जाताना सकाळची ताजी शी, सुपारीएवढी, झाकणाच्या डबीत. अशी शी दोन-चार तासांत पोचवायची. वेळ लागणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवता येते, फ्रीझरमध्ये नाही. तपासणीत अंकुशकृमींची अंडी सापडली. इथे एक सांगून ठेवते: तपासणीत काही सापडलं नाही तर जंत नाहीतच असं होत नाही, कारण अंडी घालायच्या वयाचे न झालेले जंत त्यात दिसत नाहीत. सापडली तर मात्र पक्कं.

डॉक्टरांनी वजनाप्रमाणे त्याच दिवशी औषध दिलं, रक्तवाढीचं टॉनिक सुरू केलं, आणि आम्ही कॅलेंडर मांडलं. लस २ मार्चला. त्याच्या एक आठवडा आधी, २३ फेब्रुवारीला, जंताच्या औषधाचा दुसरा डोस. पहिला डोस आज, म्हणजे त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी. नशीब असं की तेरा आठवडे पूर्ण झाले त्याच दिवशी कार्ड बघितलं गेलं, एकही दिवस ताणावा लागला नाही. तुमच्या पिल्लाला जोरदार जंत असतील तर हाच हिशोब लक्षात ठेवा: शेवटच्या लसीच्या तीन आठवडे आधी पहिला, एक आठवडा आधी दुसरा. औषध आधीपासून नियमित आणि योग्य वजनाने चालू असेल तर एवढं करायची गरज नाही, लसीच्या आठवडाभर आधीचा एक डोस पुरे.

पहिल्या डोसानंतर दुसऱ्या दिवशी चिकूची शी पातळ झाली, तिसऱ्या दिवशी बांधून आली. आठवड्याने काळा रंग गेला. २३ तारखेला वजन ५.३ किलो भरलं, म्हणून दुसरा डोस त्या वजनाने, ४.४ ने नव्हे. १ मार्चला शी पुन्हा तपासली, अंडी नव्हती. हिरड्या गुलाबी झाल्या होत्या, पायाशी चप्पल ओढत होता. २ मार्चला सोळा आठवडे पूर्ण, आणि लस झाली.

त्या तीन आठवड्यांत काकूंनी आणखी एक काम केलं ते म्हणजे शी ताबडतोब उचलणं. गोलकृमीची अंडी पडल्या पडल्या धोकादायक नसतात, मातीत त्यांना तयार व्हायला दोनएक आठवडे लागतात. रोज उचललं तर ती संधीच मिळत नाही. अंकुशकृमी त्याहून घाईचे असतात, ओल्या उबदार मातीत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या कातडीतून शिरायला तयार होतात. सोसायटीच्या बागेत मुलं अनवाणी खेळतात तिथे हे विसरू नका.

तारीख चुकली तर

जंताचं औषध द्यायचं राहिलं आणि लसीची तारीख उद्यावर आली, असं होतंच. पिल्लू टणटणीत असेल, खात असेल, हिरड्या गुलाबी असतील, ताप नसेल तर लस पुढे ढकलू नका. लस घ्या आणि जंताचं औषध चार-पाच दिवसांनी द्या. जंताच्या नावाखाली लस महिनाभर लांबवणं ही उलट बाजूची चूक आहे, आणि तीही मी पाहिली आहे. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, तुमच्या चपलेला लागून तिसऱ्या मजल्यावर येतो, आणि त्याला तुमच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसतं.

पिल्लू फिकट असेल, जुलाब होत असतील, ताप असेल, तर लस थांबवायची. हा निर्णय डॉक्टरांचा, आणि थांबवायची ती बरं होईपर्यंत, काही दिवस. उलटी आणि रक्ताची दुर्गंधीयुक्त शी सुरू झाली तर जंताचं औषध देत बसू नका, त्याच दिवशी पार्व्होची चाचणी करून घ्या.

लस टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याजवळच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या किंवा पिल्लू एकदम गळून जाणं, यापैकी काही झालं तर लगेच आत न्यायचं. टोचलेल्या जागी छोटी गाठ आणि दिवसभराची झोप याला घाबरायचं कारण नाही.

खाली सोडण्याबद्दल काकूंना दोन आठवडे थांबा म्हटलं. तोवर कडेवर घेऊन रिक्षा, पोळीभाजी केंद्र, शाळेतून सुटणारी मुलं सगळं दाखवा, फक्त इतर कुत्री जिथे बसतात तिथली जमीन नको. रेबीजची लस बाराव्या आठवड्याला झाली होती, ती जागच्या जागी बरोबर होती. त्याचा दाखला वेगळा जपून ठेवा, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढताना तो लागतो.

कार्डावरची "पुढील लस एक वर्षाने" ही ओळ डॉक्टरांनीच खोडली आणि तिथे ११ मे लिहिलं. तेव्हा चिकू सव्वीस आठवड्यांचा होणार होता. सोळाव्या आठवड्यालाही ज्या थोड्या पिल्लांत आईची प्रतिपिंडं उरलेली असतात त्यांना वर्षभर उघडं ठेवण्यापेक्षा सव्वीसाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर लगेच एक डोस द्यावा, असं आता डब्ल्यूएसएव्हीए सुचवते. काकूंनी घरी जाऊन दिनदर्शिकेवर ११ मेला गोल केला, आणि त्याच्या आठवडाभर आधी, ४ मेच्या चौकोनात लिहिलं: "चिकू – वजन करून जंताचं औषध, बाटली हलवून."